टिकलेल्या ग्राहकांकडे बघून गळती का कळत नाही, आणि गेलेल्यांसह हिशोब कसा मांडायचा

बिलं बनवून देणारं एक सॉफ्टवेअर आहे असं धरू. दर महिन्याला वर्गणी भरायची, हवं तेव्हा बंद करायचं. जानेवारीत १००० जणांनी खातं उघडलं आणि वर्षअखेरीस त्यातले ३०० उरले. कंपनीला जाणून घ्यायचंय की हे ३०० का टिकले. कोणीतरी त्यांची यादी काढतं आणि दिसतं की त्यातल्या २४० जणांनी, म्हणजे ८० टक्क्यांनी, थकबाकीची आठवण पाठवण्याची सोय वापरली आहे. बैठकीत ठरतं की ही सोय ग्राहक टिकवते, तेव्हा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ती दाखवा. तीन महिने त्या कामात जातात. गळती मात्र होती तेवढीच राहते.

या चुकीला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात: जे उरले त्यांच्याकडे बघून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढणं. नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तरीही चूक होत राहते, कारण गेलेले ग्राहक नजरेआड असतात एवढंच नाही, तर बहुतेक वेळा ते डेटामधूनच नाहीसे झालेले असतात. म्हणून हेच उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघू. यातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण त्यांचा आकार ज्यांनी असं काम केलंय त्यांना ओळखीचा वाटेल.

सुरुवात न आलेल्यांच्या संख्येपासून

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची गोष्ट या विषयावर नेहमी सांगितली जाते: परत आलेल्या विमानांवर जिथे गोळ्यांच्या खुणा दिसत नाहीत, तिथे पत्रा जाड करा. अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने १९४३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधन गटात हे काम केलं. गोष्टीत एक तपशील मात्र हरवतो, आणि आपल्या कामाचा तोच आहे. वाल्डच्या टिपणातल्या उदाहरणात ४०० विमानं जातात आणि ३८० परततात. परतलेल्यांपैकी ३२० ला एकही गोळी लागलेली नसते, ३२ ला एक, २० ला दोन, आणि असं पुढे. पण त्याचं पहिलं पाऊल खुणा कुठे आहेत हे बघण्याचं नव्हतं. न आलेल्या २० विमानांबद्दल त्याच्याकडे काहीही माहिती नव्हती, फक्त संख्या होती. ती संख्या त्याने समीकरणात धरली. ती नसती तर पुढचा हिशोब उभाच राहिला नसता.

म्हणून पहिली पायरी हीच: तुमच्याकडचे ‘न आलेले’ किती, हे आधी मोजा. का गेले, कोण होते, हे नंतर.

पायरी १: यादीतून माणसं कुठे गळतात ते शोधा

‘ग्राहक’ नावाचं जे टेबल सगळे वापरतात ते बहुतेकदा आजच्या ग्राहकांचं असतं, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. खातं बंद केलं की नोंद पुसली जाते, किंवा रिपोर्टसाठी जो व्ह्यू बनवलाय त्यात ‘फक्त चालू खाती’ ही अट कोणीतरी कधीकाळी घातलेली असते. दुसरी जागा म्हणजे दोन टेबलं जोडताना वापरलेला `INNER JOIN`. ग्राहकांची यादी वापराच्या नोंदींशी अशी जोडली, की ज्यांनी काहीच वापरलं नाही ते गुपचूप बाहेर पडतात, आणि गळतीचा अभ्यास करताना नेमके तेच हवे असतात. तिसरी जागा म्हणजे जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत झालेलं स्थलांतर. तेव्हा फक्त चालू खाती उचलून आणली असतील, तर त्याआधीचे सगळे ग्राहक कमालीचे निष्ठावान दिसतात, कारण न टिकलेले आलेच नाहीत.

यादी गळकी आहे हे ओळखायची सोपी चाचणी आहे. जी नोंद कोणी पुसत नाही तिच्याशी ताळा करायचा. पैसे भरल्याचा हिशोब सहसा शाबूत असतो, पण सुरुवातीच्या मोफत दिवसांतच जे गेले ते त्यात सापडणार नाहीत. त्यामुळे मी खातं उघडल्याच्या नोंदीला जास्त मान देतो. ती नसेल तर नव्या खात्यांना गेलेल्या ईमेलांची नोंद चालते.

```sql
SELECT DATE_TRUNC('month', s.signed_up_at) AS month,
       COUNT(*) AS joined,
       COUNT(c.customer_id) AS still_listed
FROM signup_log s
LEFT JOIN customers c ON c.customer_id = s.customer_id
GROUP BY 1 ORDER BY 1;
```

`joined` आणि `still_listed` प्रत्येक महिन्यात सारखे आले तर यादी पूर्ण आहे. जसजसे जुन्या महिन्यांकडे जाल तसतसा दुसरा आकडा घटत गेला, तर तुमच्यासमोर उरलेल्यांचीच यादी आहे आणि त्यावर केलेला आजवरचा प्रत्येक रिपोर्ट तपासायला हवा. नोंदी अजिबात नसतील तर खाते क्रमांक बघा. क्रमाने दिलेल्या क्रमांकांमध्ये मध्येच खिंडारं दिसली, तर तिथे पूर्वी बहुधा कोणीतरी होतं. खिंडारं मोजून निदान संख्येचा अंदाज येतो, आणि सुरुवातीला तेवढाही पुष्कळ असतो.

स्थलांतरात हरवलेल्यांचं काय करायचं? ते परत मिळत नसतील तर स्थलांतराआधी आलेल्यांना ‘पहिल्या दिवसापासून किती टिकले’ या हिशोबात घेऊच नका. मी असे जुने ग्राहक सरळ वगळतो. त्यामुळे डेटा कमी होतो आणि लोक नाराज होतात, पण चुकीच्या दिशेने झुकलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा लहान आकडा परवडतो.

पायरी २: तुकडी बांधा आणि पुढे मोजा

आज जे आहेत त्यांच्याकडे उभं राहून मागे बघायचं नाही. प्रवेशाची तारीख धरायची, त्या तारखेला आत आलेले सगळे घ्यायचे आणि त्यांच्याबरोबर पुढे चालत जायचं. अशा गटाला कोहॉर्ट म्हणतात. मी तुकडी म्हणेन. आपली तुकडी म्हणजे जानेवारीत आलेले १००० जण. छेद कायम १०००.

तुकडी निवडताना एवढंच बघा की तिला पुरेसा काळ मिळालाय. वर्षभर टिकण्याबद्दल बोलायचं तर मागच्या महिन्यात आलेल्यांना ‘टिकले’ म्हणता येत नाही. त्यांचा निकाल अजून लागायचाय. अशा अर्धवट काळाच्या नोंदीही वापरायच्या असतील तर कापलान आणि मायर यांनी १९५८ मध्ये मांडलेली पद्धत आहे आणि ती जवळपास प्रत्येक सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते. पहिल्या खेपेला मात्र वर्ष पूर्ण झालेली एकच तुकडी घ्या.

आता ७०० गेलेल्यांकडे बघू. त्यातल्या २१० जणांनी, म्हणजे ३० टक्क्यांनी, आठवणीची सोय वापरली होती. टिकलेल्यांत ८० टक्के, गेलेल्यांत ३० टक्के. उलट बाजूने मांडलं तर सोय वापरणाऱ्या ४५० जणांपैकी २४० टिकले, म्हणजे ५३ टक्के. न वापरणाऱ्या ५५० पैकी फक्त ६० टिकले, म्हणजे ११ टक्के. बरेच जण इथे थांबतात, कारण त्यांना वाटतं की गेलेल्यांनाही हिशोबात घेतलं, आता पक्षपात संपला. बैठकीतला पहिला निष्कर्ष बरोबरच होता असंही वाटू लागतं.

तो अजूनही चुकीचा आहे. याच टप्प्यावर सगळ्यात जास्त शहाणी माणसं फसतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

पायरी ३: ‘कधी’ हा प्रश्न विचारा

वर्षभर राहिलेल्या माणसाला ती सोय वापरून बघायला बारा महिने मिळाले. विसाव्या दिवशी गेलेल्याला वीस दिवस मिळाले. सोय अगदी निरुपयोगी असली तरी जास्त दिवस राहणाऱ्याच्या हातून ती कधीतरी वापरली जाण्याची शक्यता जास्तच. म्हणजे ‘सोय वापरली म्हणून टिकला’ असं जे वाटतंय ते ‘टिकला म्हणून सोय वापरली’ असंही असू शकतं, आणि ‘कधीतरी वापरली का’ या रकान्यातून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. सोय अकराव्या महिन्यात वापरणारा माणूस दहा महिने सोयीशिवायच टिकला होता, तरी त्याचं श्रेय सोयीच्या खात्यात जमा होतं.

उपाय असा. एक दिवस ठरवा; इथे तिसावा घेऊ. त्या दिवशी जे अजून आहेत त्यांनाच घ्या. त्या दिवसापर्यंत ज्याने सोय वापरली तो ‘वापरणारा’, बाकी सगळे ‘न वापरणारे’. मग एखाद्याने ती एकतिसाव्या दिवशी वापरली असली तरी त्याचा गट बदलायचा नाही. आणि मग पुढे काय झालं ते मोजा. आरोग्यविषयक संशोधनात ही रीत जुनी आहे, तिला लँडमार्क पद्धत म्हणतात.

```sql
SELECT used_by_30, COUNT(*) AS n, AVG(stayed) AS stay_rate
FROM (
  SELECT
    CASE WHEN first_used < signed_up_at + INTERVAL '30 days'
         THEN 1 ELSE 0 END AS used_by_30,
    CASE WHEN left_at IS NULL
           OR left_at >= signed_up_at + INTERVAL '365 days'
         THEN 1.0 ELSE 0.0 END AS stayed
  FROM january_cohort
  WHERE left_at IS NULL
     OR left_at >= signed_up_at + INTERVAL '30 days'
) t
GROUP BY used_by_30;
```

आपल्या तुकडीतले २५० जण तिसाव्या दिवसाआधीच गेले होते, म्हणून ७५० उरले. त्यातल्या २५० जणांनी तोवर सोय वापरली होती आणि त्यातले ११० वर्षभर टिकले: ४४ टक्के. तोवर न वापरलेल्या ५०० पैकी १९० टिकले: ३८ टक्के. आधी ५३ विरुद्ध ११ होतं, आता ४४ विरुद्ध ३८ आहे. ४२ टक्क्यांच्या फरकातले ६ उरले. बाकीचा सगळा फरक घड्याळाचा होता.

उरलेल्या ६ टक्क्यांवरही लगेच विश्वास ठेवू नका. ज्यांचं काम मोठं त्यांची थकबाकी जास्त, म्हणून ते ही सोय लवकर वापरतात, आणि मोठ्या कामाचे लोक तसेही जास्त टिकतात. म्हणून पहिल्या सात दिवसांतल्या बिलांच्या संख्येवरून दोन भाग करू. जास्त बिलं बनवणारे ३५० निघाले: त्यांच्यात सोय वापरणाऱ्या १५० पैकी ७८ टिकले (५२ टक्के) आणि न वापरणाऱ्या २०० पैकी १०२ (५१ टक्के). कमी बिलांच्या ४०० मध्ये वापरणाऱ्या १०० पैकी ३२ टिकले (३२ टक्के), न वापरणाऱ्या ३०० पैकी ८८ (२९ टक्के). शंभर माणसांच्या गटात तीन टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो. इथे तशी चूक दहाएक टक्क्यांपर्यंत गृहीत धरावी लागते. तेव्हा सोय वाईट नाही, पण ती माणसं टिकवते असं म्हणायला या डेटात आधार नाही.

भाग पाडताना एक पथ्य पाळा. भाग ज्या गोष्टीवर पाडायचे ती ठरवलेल्या दिवसाच्या आधीची असली पाहिजे. ‘वर्षभरात एकूण किती बिलं’ यावर भाग पाडलेत तर टिकण्याचाच परिणाम मागच्या दाराने परत आत येतो.

पायरी ४: ज्या रकान्यात सगळे सारखे, तिथे बघा

गळतीचं खरं कारण टिकलेल्यांच्या यादीत सहसा दिसत नाही, कारण ते ज्यांना भोवलं ते त्या यादीत येतच नाहीत. गोळी इंजिनाला लागलेली विमानं परतली नाहीत, म्हणून परतलेल्यांच्या इंजिनांवर खुणा कमी. आपल्या डेटात याचं रूप असं असतं: टिकलेल्यांत जो रकाना जवळपास एकसारखा भरलेला दिसतो, त्याच्याकडे विश्लेषक ‘यात काही फरकच नाही’ म्हणून दुर्लक्ष करतो.

आपल्या ३०० टिकलेल्यांपैकी ४ सोडून सगळ्यांनी पहिल्या सात दिवसांत किमान एक बिल बनवलं होतं. २९६ ‘हो’ आणि ४ ‘नाही’ असलेल्या रकान्यातून काय कळणार? पण पूर्ण १००० मध्ये हाच रकाना बघा. २०० जणांनी पहिल्या आठवड्यात एकही बिल बनवलं नव्हतं, आणि त्यातले १६० महिन्याच्या आत गेले. उरलेल्या ८०० पैकी महिन्याच्या आत गेले फक्त ९०. ८० टक्के विरुद्ध ११.

घड्याळाची चाचणी इथेही लावायची. पहिल्या आठवड्यातच जे गेले त्यांना बिल बनवायला वेळच मिळाला नसेल तर? आपल्या उदाहरणात पहिले चौदा दिवस मोफत आहेत आणि त्याआधी खातं बंद झाल्याची नोंदच होत नाही, म्हणून सातव्या दिवशी पूर्ण १००० हजर आहेत. ती अडचण नाही.

दुसरी अडचण मात्र आहे. बिल न बनवणारा माणूस मनाने आधीच गेलेला असू शकतो. नुसतं कुतूहल म्हणून खातं उघडलं आणि विसरला. त्याला काहीही दाखवून उपयोग नाही. तेव्हा इच्छा होती पण जमलं नाही, आणि इच्छाच नव्हती, हे दोघे वेगळे करायला हवेत. त्यासाठी प्रयत्नाच्या खुणा शोधा. २०० पैकी १२० जणांनी आपल्या गिऱ्हाइकांची यादी फाइलमधून चढवायला सुरुवात केली होती आणि ती पूर्ण झाली नव्हती, कित्येकांनी दोन-तीनदा प्रयत्न केला होता. सहज बघायला आलेला माणूस यादी चढवत बसत नाही. अडथळा फाइल चढवण्याच्या पायरीत आहे, आणि टिकलेल्या ३०० जणांना कितीही प्रश्न विचारले असते तरी तो सापडला नसता, कारण त्यांची फाइल चढली होती.

गेलेल्यांना फोन करून विचारावं का? जरूर. पण जे उत्तर देतात तेही उरलेलेच असतात: ज्यांना अजून थोडी आपुलकी आहे, किंवा ज्यांना राग आहे. मधले गप्प राहतात. म्हणून गेलेल्यांच्या पूर्ण यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखे चाळीस जण निवडा आणि त्या चाळिसांच्याच मागे लागा. मिळतील त्या चाळिसांशी बोलणं वेगळं. नोंदीतून कळलेलं आणि बोलण्यातून कळलेलं जुळतंय का ते बघा.

डॅशबोर्डवरचे आकडे आपोआप सुधारतात

इथे एक उपकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण हिच्यामुळे चांगले निर्णय उलटे घेतलेले मी पाहिले आहेत. एखाद्या तुकडीतली महिन्याची गळती काळाबरोबर कमी होत जाते आणि लोक म्हणतात, ग्राहक आपल्यावर प्रेम करायला लागलेत. हिशोब करून बघा. १००० पैकी ५०० असे की दर महिन्याला त्यांच्यातले ३० टक्के जातात, आणि ५०० असे की ५ टक्केच जातात. कोणाचाही स्वभाव बदलत नाही. पहिल्या महिन्यात १५० आणि २५ गेले: एकूण गळती १७.५ टक्के. सहा महिने झाले की पहिल्या प्रकारचे सुमारे ५९ उरतात आणि दुसऱ्या प्रकारचे सुमारे ३६८. सातव्या महिन्याची गळती साडेआठ टक्क्यांच्या आसपास येते. आलेख सुंदर उतरतो, पण एकही माणूस अधिक निष्ठावान झालेला नाही. चाळणीतून एक प्रकार खाली पडला, एवढंच.

‘प्रति ग्राहक सरासरी वापर’ किंवा ‘सरासरी समाधान’ हे आकडेही असेच वर जातात. ओळखायची खूण सोपी आहे: सरासरी वाढली की लगेच बेरीज बघा. सरासरी वर आणि बेरीज खाली असेल, तर आधी छेदातली माणसं तपासा. आणि आज जे आहेत त्यांचाच पहिल्या महिन्यातला वापर काढून आजच्या वापराशी ताडून बघा. तो तेव्हाही तेवढाच असेल, तर वाढ झालीच नव्हती.

पायरी ५: दुरुस्ती तपासतानाही छेद सांभाळा

फाइल चढवण्याची पायरी सोपी केली असं समजा. आता नव्या खात्यांपैकी निम्म्यांना नवी पद्धत आणि निम्म्यांना जुनी द्यायची, आणि हे चिठ्ठी टाकून, खातं उघडताक्षणीच ठरवायचं. महिन्याच्या आत जाणाऱ्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवरून २० वर आलं का हे भरवशाने बघायचं, तर प्रत्येक गटात साधारण ११०० जण लागतात. महिन्याला १००० येत असतील तर माणसं जमायलाच सव्वादोन महिने लागतील, आणि शेवटी आलेल्यांचा महिना पूर्ण व्हायला आणखी एक. तिसऱ्या आठवड्यात उत्तर मागणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आणि निकाल मोजताना जुनी खोड पुन्हा डोकं वर काढते: ‘ज्यांनी नवी पद्धत वापरून फाइल चढवली, त्यांच्यात गळती किती?’ हा प्रश्न घेऊ नका. ज्यांची फाइल चढली तेच मोजले, तर नव्या पद्धतीतही अडकून गेलेले पुन्हा हिशोबाबाहेर राहतात. चिठ्ठीत ज्याला नवी पद्धत आली तो त्या गटात, मग त्याने ती उघडलीही नसेल तरी. दोन्ही गटांची यादी चिठ्ठी निघाल्या दिवशीच वेगळ्या टेबलात उतरवून ठेवा आणि त्या टेबलातून काहीही पुसण्याची परवानगी कोणालाही देऊ नका. कोणी आपली माहिती काढून टाकायला सांगितली तर नाव, ईमेल आणि खाते क्रमांक जाऊ द्या. ओळख न सांगणारी एक ओळ, गट आणि आल्या-गेल्याची तारीख एवढी राहिली तरी छेद शाबूत राहतो.